तिला कुणी आणलं नव्हतं

२०२५ साल. मला बहात्तर सरून त्र्याहत्तरावं लागलं होतं. श्रीगोंद्याहून कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या करतो आम्ही. शाळा माझी तिसरीत सुटली, पण वाकडा बनलेला सांगाडा मी आजही रस्त्यावरून बघून ओळखतो. हे फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे, थोडं फुशारकीनंच सांगतो.

त्या ऑगस्टमध्ये एक पोरगी स्कूटीवर आली. मी दारात खुर्ची टाकून चहा पीत होतो. पाठीला पिशवी, पायात बूट, तोंडाला बांधलेला स्कार्फ. स्कार्फ सोडून म्हणाली, "अप्पा तुम्हीच का? मी नगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिप करायची आहे."

असली पोरं मला माहीत होती. दरवर्षी दोघं-तिघं यायची. त्यांना कॉलेजात दाखवायला एक कागद लागतो, की हा अमुक इतके तास आमच्याकडे कामाला होता. काम नको असतं, कागद हवा असतो. मी बशीतला चहा संपवला आणि म्हटलं, "शिक्का पायजे ना? माझा मुलगा दुपारी येतो. त्याच्याकडं हाय."

"शिक्का नंतर," ती म्हणाली. "आधी काम पाहिजे."

आत आमचा जुना वेल्डर वाकून बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "अप्पा, झाडू द्या हातात. दोन दिवसांत जाती घरी."

झाडू दिला. ती गेली नाही. पंधरवड्यानंतर मी तिला ग्राइंडर दिला. कॉलेजच्या कागदावर सुपरवायझरचं नाव लिहायचं होतं, तिथं मुलगा स्वतःचं लिहायला लागला, कारण इंग्रजी त्यालाच कळतं. तर ती म्हणाली, "नाही, अप्पांचं लिहा. शिकवतात तेच." मुलगा हसला आणि त्यानं माझं नाव लिहिलं. तो कागद मला वाचता येत नव्हता, पण माझं नाव कुठं आहे तेवढं मी त्याला बोट ठेवून दाखवायला लावलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या शेडमध्ये ज्यानं काम हातात घेतलं त्यानंच ते पुरं करायचं. सांगाडा घोड्यावर, म्हणजे लोखंडी तिवईवर, चढला की करणारा त्यावर खडूनं आपली खूण काढतो. वेल्डरची खूण गोल आहे. मुलाची फुली. खूण असेपर्यंत दुसऱ्याचा हात त्या कामाला लागत नाही. आणि एखादा मधेच काम टाकून गेला, तर त्याची खूण पुसायची आणि काम दुसऱ्याला द्यायचं. पुसली की त्याचा त्या कामावर हक्क नाही. माझ्या वस्तादाच्या नगरच्या कारखान्यात हीच रीत होती, मी ती इथं आणली.

सप्टेंबरात एक ट्रॅक्टरवाला आला. कारखान्याला ऊस वाहतो. म्हणाला, "अप्पा, ओढ्याच्या उताराला भरलेली ट्रॉली माझ्या ट्रॅक्टरला मागून ढकलती. डायवर देवाचं नाव घेत उतरतो. काहीतरी करा."

मी काही बोलायच्या आत ती पोरगी ग्राइंडर ठेवून पुढे आली. तिनं जमिनीवर खडूनं चित्र काढलं. ट्रॅक्टरचा वेग कमी झाला की ट्रॉली मागून रेटते. त्याच रेट्यानं ट्रॉली जोडायच्या दांडीतली नळी मागं सरकेल आणि ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लागतील. डायवरला काही करायचंच नाही. परदेशात असलं असतं म्हणे. ट्रॅक्टरवाला चित्राकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "व्हईल का?"

"व्हईल," मी म्हटलं. "तुळशीच्या लग्नापर्यंत ट्रॉली तुझ्या दारात उभी असंल. ब्रेकसकट."

माझा शब्द कारखाना सुरू व्हायच्या दिवसांत इकडचा तिकडं होत नाही. हे तालुक्याला माहीत आहे.

त्या सांगाड्यावर तिनं आपली खूण काढली. त्रिकोण. मी तिला त्याच दिवशी बजावलं, "ही ट्रॉली तुझ्या हातनं पुरी झाली तरच माझी सही. झाडूवर मी सही करत न्हाई."

"चालेल," ती म्हणाली.

दिवाळी झाली. ब्रेकचे ड्रम बसले, दांडी कापून झाली, पण ती आत-बाहेर सरकणारी नळी अडकत होती. ती दोनदा काढून परत घासली. पोरगी कोपरापर्यंत काळी होऊन जायची. अशाच एका दुपारी मी ग्राइंडरवर होतो आणि ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी मशीन बंद करेपर्यंत बोलली नाही. चालू मशीनवरच्या माणसाशी बोलायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.

"अप्पा, मला दोन आठवडे येता येणार नाही," ती म्हणाली. "विद्यापीठाची परीक्षा आहे. पुढच्या सोमवारपासून."

"परीक्षा तर तू पुढल्या महिन्यात म्हणली व्हतीस."

"तसंच वाटलं होतं. काल वेळापत्रक आलं. अलीकडं ओढलीय."

"पेपर किती?"

"पाच."

"मग पाच दिवस जा. बाकी दिवस ये."

"पेपरांच्या मधे सुट्ट्या आहेत अप्पा, पण त्या अभ्यासाला. आणि सेंटर नगरला आहे. मी मैत्रिणीच्या खोलीवर राहणार. ये-जा केली तर दोन्हीकडचं बुडेल."

वेल्डर काच वर करून म्हणाला, "पोरी, विद्यापीठाचं सोपं असतंय. अप्पांचा पेपर अवघड."

ती हसली नाही. पिशवीतून तिनं एक कागद काढला. कॉलेजातल्या तिच्या सरांचं पत्र होतं. परीक्षेमुळं इतके दिवस गैरहजर राहील, राहिलेले तास परीक्षेनंतर येऊन भरेल, तरी इंटर्नशिपची शेवटची तारीख पुढं न्यायला आपली हरकत नाही, अशी सही सुपरवायझरनं करायची. हे मला तिनंच वाचून दाखवलं. आणि सही झाली नाही तर? तर तास अपुरे, सगळं बाद. पुढल्या सहा महिन्यांत दुसरीकडं पहिल्यापासून सुरू करायचं. बरोबरची पोरं पास होऊन नोकरीला लागणार आणि हिचा निकाल अडकून राहणार.

मला तिचं म्हणणं कळत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं तुळशीचं लग्न होतं, आणि तो ट्रॅक्टरवाला.

"मला कागद दाखवू नको," मी म्हटलं. "आमच्यात असं नसतं. मोठी रजा पायजे असंल तर ज्यानं माणूस आणून सोडला तो येऊन मागतो. तुझ्या बापाला घेऊन ये उद्या. त्यो सांगंल मला. मग बघू."

"पण अप्पा, मीच सांगतेय की."

"तुझं तू सांगून चालत न्हाई."

यात मी काही नवीन काढलं नव्हतं. मला माझ्या मामानं वस्तादाकडं नेलं होतं. "हा तुमच्या हाताखाली," एवढं म्हणून मामा निघून गेला होता. त्यानंतर माझं बरं-वाईट मामाच्या नावावर. आजारी पडलो तरी मामाकडून निरोप जायचा. माझ्या लग्नाची रजासुद्धा मामानंच मागितली. मी बाहेर चपला राखत उभा होतो. आत मामा म्हणत होता, "पोराचं लगीन हाय," आणि वस्ताद विचारत होता, "त्याला ठाव हाय का?" दोघं खूप हसले. मला आत बोलावलं नाही. असं चालायचं. माणसामागं माणूस उभा असायचा, आणि त्याच्या शब्दावर काम चालायचं.

त्या संध्याकाळी मुलगा जेवताना म्हणाला, "अप्पा, ती काय रोजावरचं माणूस हाय व्हय? आपण तिला पगार देत न्हाई. तिच्या बापाला कशाला बोलवायचं? एक सही तर हाय."

"ट्रॉलीचं काय?"

"खूण पुसा. मी आन् वेल्डरकाका साधी दांडी लावून चार दिवसांत देतो. तालुक्यातल्या सगळ्या ट्रॉल्या बिनब्रेकच्याच पळत्यात."

"आन् तिची सही?"

मुलगा भाकरी मोडत बसला. म्हणाला, "ते तुमी ठरवलंय. ट्रॉली पुरी केली तरच सही."

तो बरोबर बोलत होता. त्याचं बरोबर असलं की मला जास्तच राग येतो.

जेवून मी ओट्यावर बसलो. परीक्षा म्हटलं की मला एकच आठवते. तिसरीची. त्या आठवड्यात आमच्या शेतात कांद्याची लागण होती. वडील म्हणाले, आधी रोपं, मग शाळा. मी रोपं टाकत गेलो. गुरुजींना सांगायला कुणी गेलं नाही. वडिलांना वाटलं आई जाईल, आईला वाटलं पोरगाच सांगेल, आणि मला वाटलं हे मोठ्या माणसाचं काम. लागण संपल्यावर मी शाळेत गेलो तर माझ्या जागेवर दुसरा बसला होता. गुरुजी वाईट नव्हते. ते म्हणाले, "कुणीतरी येऊन सांगायचं होतं रे. मी थांबलो असतो." मी दप्तर घेऊन घरी आलो ते आलोच. घरातही कुणी विचारलं नाही. आमच्याकडं कुणाला त्यात विशेष वाटलं नव्हतं, मलासुद्धा.

ते "मी थांबलो असतो" मात्र राहिलं डोक्यात. त्यापुढं मला काही ठरवता आलं नाही. मी ठरवलं होतं ते एवढंच, की बाप आला की त्याच्याशी बोलू. बाप शहाणा असेल तर रस्ता निघेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी आली. एकटीच.

मी दारातच होतो. "बाप कुठाय?"

"घोडेगावला. म्हशीचा बाजार आहे. ते टेम्पो घेऊन गेलेत."

"मग परवा आण."

ती स्कूटी स्टँडला लावून माझ्यापुढं उभी राहिली. रात्रभर झोपली नसावी, डोळे तांबारले होते. पण आवाज नीट होता.

"अप्पा, मी काल घरी सांगितलं. बाबा यायला तयार होते. टेम्पोची फेरी सोडून येतो म्हणाले. मीच नको म्हटलं."

"का? मोठी झालीस लई?"

"तसं नाही. तुम्ही म्हणालात, ज्यानं आणून सोडलं त्यानं रजा मागायची. बाबांनी मला आणून सोडलं नव्हतं. त्यांना तर महिनाभर माहीतही नव्हतं मी कुठं जाते ते. कॉलेजनंही पाठवलं नाही, यादीत तुमचं नाव नव्हतंच. मी रस्त्यानं जाताना तुमच्या ट्रॉल्या बघितल्या आणि आले. माझी मीच आले होते अप्पा. म्हणून रजाही मीच मागणार ना?"

आत वेल्डरचा ठोका थांबला होता. तो ऐकत होता हे मला पाठीकडून कळत होतं.

मला ऑगस्टमधली ती सकाळ आठवली. खुर्ची हीच, चहा हाच. तिच्या मागं खरंच कुणी नव्हतं. स्कूटी होती आणि रस्ता होता. मी तेव्हा विचारलंही नव्हतं, कुणी पाठवलं म्हणून. माझ्या रीतीप्रमाणं पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होतं.

"मग तुझी हमी कुणाची?" मी विचारलं. हट्टानंच विचारलं, उत्तर मला दिसत होतं तरी.

"माझीच. सोळाव्या दिवशी सकाळी इथं असेन. पण तुळशीच्या लग्नाला ट्रॉली द्यायचा शब्द तुम्ही दिलाय, तो माझ्यामुळं मोडायला नको. म्हणून एक करते."

ती आत गेली. मी मागोमाग गेलो. घोड्यावरच्या सांगाड्याजवळ जाऊन तिनं स्कार्फचं टोक हातात धरलं आणि त्रिकोणावर टेकवलं. वेल्डर उठून उभा राहिला. मुलगा त्या दिवशी लवकर आला होता, तो हेल्मेट हातात घेऊन दारात थबकला. पोरगी माझ्याकडं बघत नव्हती. खडूकडं बघत होती. आपल्याच हातानं खूण पुसली की सही गेली, सहा महिने गेले, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

त्रिकोणाचा एक कोपरा पुसला गेला.

"थांब," मी म्हटलं.

ती थांबली.

"हात काढ तिथनं. आमच्याकडं खूण मालक पुसतो, करणारा न्हाई. एवढं शिकली न्हाईस अजून?"

ही रीत मी त्याच क्षणी केली होती. वेल्डर पंचवीस वर्षं माझ्याकडं आहे, त्याला ते कळलं. तो खोकला आणि म्हणाला, "व्हय, व्हय. जुनी रीत हाय ती."

"आन् मालक पुसत न्हाई," मी म्हटलं. "कागद कुठाय तुझा?"

तिनं कागद काढायला पिशवीत हात घातला तर सांगाड्यावरून हाताला आलेलं ग्रीस सगळ्या पिशवीला लागलं. मुलानं कागद धरला, बोट ठेवून जागा दाखवली. मी सही केली. माझी सही मोठी येते, खालच्या छापील ओळीवर गेली. ती म्हणाली, "चालेल अप्पा, चालेल," आणि मग तिला रडू आलं आणि ती नळाकडं तोंड धुवायला गेली.

ती गेल्यावर मुलगा म्हणाला, "आता ट्रॅक्टरवाल्याला काय सांगायचं? मी करू का फोन?"

"फोन कशाला?"

"मग?"

"शब्द मी दिला व्हता. तू न्हाईस."

"अप्पा, त्यो चिडंल. त्याची तोडणीची टोळी येऊन बसली असंल उसात."

"चिडू दे."

खरं तर मला तेच जड जात होतं. चाळीस वर्षांत मी कुणाच्या दारात जाऊन "उशीर होईल" म्हटलेलं नाही. लोक माझ्याकडं येऊन म्हणायचे, अप्पा, पैसे पुढल्या महिन्यात, अप्पा, जरा थांबा. मी थांबायचो किंवा थांबायचो नाही. दुसऱ्या बाजूला उभं राहायची मला सवय नव्हती. ती पोरगी मशीन बंद व्हायची वाट बघत माझ्या शेजारी किती वेळ उभी होती, ते मला आता आठवायला लागलं. मी तेव्हा मुद्दामच उशिरा बंद केलं होतं का? नसेल. पण घाईही केली नव्हती.

दिवसभर ती वेल्डरला सगळं समजावत होती. नळीला गंज चढू नये म्हणून तेल लावलं, ड्रमवर पोतं झाकलं. जाताना खडू घेऊन तिनं त्रिकोणाचा पुसलेला कोपरा परत ओढला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "येते अप्पा."

"ब्रेकचा प्रश्न आला पेपरात तर नीट लिही," मी म्हटलं. "आन् न्हाई आला तरी लिही."

या वेळी ती हसली. स्कूटी रस्त्याला लागली.

संध्याकाळी मी आणि वेल्डर शेडच्या मागं गेलो. तिथं माझी जुनी ट्रॉली उभी असते. मी स्वतःच्या हातानं केलेली पहिली. कितीही जणांनी मागितली तरी मी ती विकली नाही. तिच्या चाकांभोवती गवत वाढलं होतं. आम्ही गवत काढलं, टायरात हवा भरली, बेअरिंगला ग्रीस घातलं. वेल्डर म्हणाला, "ही देणार व्हय? पोटच्या पोराला दिली न्हाई तुमी."

"देत न्हाई. दोन आठवडे वापरायला ठेवतो."

"त्येच म्हणतो मी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेली टोपी घातली, मुलाला बरोबर येऊ दिलं नाही, आमच्या ट्रॅक्टरला जुनी ट्रॉली जोडली आणि स्वतः चालवत ट्रॅक्टरवाल्याच्या वस्तीवर गेलो. ओढ्याचा तो उतार मधे लागला. ट्रॉली रिकामी होती, तरी मागून हलकी ढकलत होती. वस्तीवर ऊसतोड्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडल्या होत्या, चुली पेटल्या होत्या. तो गोठ्यातून बाहेर आला आणि लांबूनच ओरडला, "वा अप्पा! शब्दाच्या आधीच आणली की!" मग जवळ येऊन ट्रॉली बघितली आणि वाकून चाकांत ब्रेक शोधू लागला.

मी ट्रॅक्टर बंद केला. खाली उतरलो. त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "तुझी ट्रॉली दोन आठवडे उशिरा मिळंल. करणारी परीक्षेला गेलीया. तवर ही वापर. हिला ब्रेक न्हाई, उताराला अर्धीच भर. हे सांगायला मी स्वतः आलोय."